उंबरठ्यापाशी थांबणारं क्रियापद: हालचालीची वाक्यं गोळा करायची आणि तपासायची कशी

माझ्या भाचीचं बाळ परवा दिवाणखान्यातून रांगत स्वयंपाकघरात गेलं. हीच गोष्ट इंग्रजीत सांगायची तर माणूस म्हणेल, «द बेबी क्रॉल्ड इन्टू द किचन». बाळ तेच, फरशी तीच, पण दोन भाषांनी सामान वेगवेगळ्या पिशव्यांत भरलंय.

मराठी वाक्यातलं मुख्य क्रियापद 'गेलं'. बाळ इथून तिथे पोचलं, एवढंच ते सांगतं. कसं पोचलं हे 'रांगत' सांगतं, आणि तो शब्द काढून टाकला तरी 'बाळ स्वयंपाकघरात गेलं' हे वाक्य धडधाकट उभं राहतं. इंग्रजीत उलटं आहे. तिथं मुख्य क्रियापद रांगण्याचं, आणि बाळ आत पोचलं ही बातमी 'इन्टू' या चिमुकल्या शब्दावर सोपवलेली. इंग्रजीच्या चालीवर मराठी वाक्य करून बघा: 'बाळ स्वयंपाकघरात रांगलं.' वाक्य चुकीचं नाही, पण घटना बदलली. आता बाळ आधीपासूनच स्वयंपाकघरात आहे आणि तिथल्या तिथे रांगतंय.

लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषावैज्ञानिकानं 1985 मध्ये याची नीट मांडणी केली आणि पुढं 1991 आणि 2000 मध्ये तिला आजचं रूप दिलं. हालचालीच्या घटनेत कुठून कुठे हा भाग म्हणजे मार्ग, आणि पाय, पंख, चाकं, पाणी यांच्या जोरावर कसं हा भाग म्हणजे रीत. काही भाषा मार्ग क्रियापदातच ठेवतात: स्पॅनिश, फ्रेंच, तुर्की, जपानी. त्यांना व्हर्ब-फ्रेम्ड म्हणतात, आपण 'क्रियापद-चौकटीच्या' म्हणू. इंग्रजी, जर्मन, रशियन या भाषा मार्ग क्रियापदाच्या बाहेर, त्याला चिकटून फिरणाऱ्या छोट्या शब्दात किंवा उपसर्गात ठेवतात. त्या शब्दाला टाल्मीनं सॅटेलाइट म्हटलं, म्हणून या भाषा सॅटेलाइट-फ्रेम्ड, 'उपग्रह-चौकटीच्या'. मराठीत शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे, पोचणे, परतणे ही सगळी मार्गाची क्रियापदं रोजच्या तोंडातली आहेत, त्यामुळे ती पहिल्या गटात बसते.

पाठ्यपुस्तकात हे दोन परिच्छेदांत आटपतं. खरी मजा पुढं आहे, कारण पुण्यातल्या चार माणसांना बोलतं केलं की पहिल्या दहा मिनिटांत नियम मोडणारी वाक्यं हातात पडतात. ती नियम मोडतात की मोडल्याचं नाटक करतात, हे ओळखायला शिकणं हेच या कामातलं कसब. मी इथं एकाच जागेबद्दल लिहिणार आहे: उंबरठा. हद्द ओलांडली जाते, माणूस बाहेरचा आत किंवा आतला बाहेर होतो, तो क्षण. क्रियापद-चौकटीच्या भाषा याच जागी रीतीच्या क्रियापदाला अडवतात असं जॉन अस्के यांनी 1989 मध्ये स्पॅनिशबद्दल दाखवलं, आणि डॅन स्लोबिन यांनी ते पुढं इतर भाषांवर तपासलं. मराठी कुठे अडवते आणि कुठे 'या, या' म्हणते, हे घरबसल्या तपासता येतं. एक मोबाइल, एक वही आणि सहा-सात बोलकी माणसं पुरतात.

आधी क्लिपा काढा, आणि त्या जोडीनं काढा

भाषांतर करून घेऊ नका. 'क्रॉल्ड इन्टू' मराठीत सांगा म्हटलं की सुशिक्षित पुणेकर प्रत्येक शब्दाचा हिशोब चुकता करतो आणि 'रांगत रांगत आत प्रवेश केला' असं काहीतरी कागदी देतो. त्याला चित्र दाखवा, वाक्य दाखवू नका.

सहा ते आठ सेकंदांच्या क्लिपा पुरेत. प्रत्येक रीतीच्या दोन हव्यात: एकीत हद्द ओलांडली जाते, दुसरीत नाही. बाळ दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात रांगत जातं, ही एक. तेच बाळ स्वयंपाकघरातच रांगतं, ही दुसरी. कुणीतरी लंगडत सोसायटीच्या गेटातून आत येतं, आणि तोच माणूस रस्त्यानं नुसता लंगडत जातो. पोहण्याच्या तलावात उडी मारणारा मुलगा, आणि काठावर जागच्या जागी उड्या मारणारा मुलगा. पावसाळ्यात सोसायटीच्या नाल्यात कागदी होडी सोडली आणि ती वाहत पाइपात शिरली, तर ती क्लिप सोन्याची. तिच्याकडे आपण परत येऊ.

क्लिप घाईनं कापू नका. बाळाचे पाय उंबऱ्याच्या अलीकडे असतानाच क्लिप संपली तर लोक 'आत चाललंय' म्हणतील, आणि तुमच्या हाती ओलांडलेली हद्द येणारच नाही. बाळ पूर्ण आत गेल्यावर एक सेकंद रिकामी फरशी दिसली पाहिजे.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: कॅमेरा कुठं आहे ते वहीत लिहा. मराठीत जाणे आणि येणे यांतली निवड बघणाऱ्याच्या जागेवर ठरते. मोबाइल स्वयंपाकघरात असेल तर बाळ 'आलं', दिवाणखान्यात असेल तर 'गेलं'. अर्ध्या क्लिपा इकडून आणि अर्ध्या तिकडून काढल्यात आणि नोंद ठेवली नाहीत, तर नंतर 'आलं'ची संख्या का वाढली याचं उत्तर सापडणार नाही.

मधेमधे हालचाल नसलेल्या चार क्लिपाही टाका, कुकरची शिट्टी, कुणी भाजी निवडतंय. नाहीतर तिसऱ्या क्लिपनंतर माणसाला तुमचा डाव कळतो आणि तो तुम्हाला हवं ते द्यायला लागतो.

प्रश्न एकच: 'काय झालं?'

इथं माझी पहिली फेरी पूर्ण वाया गेली होती, तीही माझ्याच चुकीनं. मी क्लिप दाखवून विचारत होते, 'बाळ काय करतंय?' सगळ्यांनी एकमुखानं उत्तर दिलं, 'रांगतंय.' वहीभर 'रांगतंय', 'लंगडतोय', 'पोहतोय'. त्या वहीवरून मराठी चक्क इंग्रजीची बहीण ठरली असती. प्रश्न 'करतंय'चा होता, म्हणून उत्तर कृतीचं आलं. पोचण्याची गोष्ट विचारलीच नव्हती, मग मिळणार कुठून?

क्लिप संपल्यावर मोबाइल पालथा घाला आणि विचारा, 'काय झालं? मी बघितलं नाही, मला सांगा.' खोटं वाटू नये म्हणून खरंच बघू नका. मग वाक्यं पूर्ण येतात. 'ते बाळ होतं ना, ते रांगत रांगत आत गेलं किचनमध्ये.' अशीच्या अशी उतरवून घ्या. 'होतं ना' गाळू नका, क्रम बदलू नका, आणि बोलणाऱ्यानं हात कसा हलवला तेही कंसात लिहा, कारण कित्येकदा रीत शब्दात नसते, बोटांत असते. माझ्या आत्यानं 'गेलं की आत' एवढंच म्हटलं आणि दोन बोटं टेबलावरून टपटप चालवली.

रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी विचारायची, हे सांगायला नको. बाळाच्या आईचीसुद्धा.

प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न

वाक्यं उतरवून झाली की प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. काळाचा आणि लिंगवचनाचा प्रत्यय कोणत्या क्रियापदावर आहे? मार्ग कोण सांगतं? रीत कोण सांगतं, की सांगितलीच नाही?

'बाळ रांगत आत गेलं': प्रत्यय 'गेलं'वर, मार्ग 'आत' आणि 'गेलं' मिळून, रीत 'रांगत'. 'लंगडत आला गेटातून': प्रत्यय 'आला'वर, मार्ग '-तून' आणि 'आला', रीत बाजूला. 'मांजर शिरलं आत': रीत नाहीच.

'आत', 'बाहेर', 'वर', 'खाली' हे शब्द पाहून नवखा माणूस म्हणतो, अहो, हेच तर आपले उपग्रह! तसं नाही. 'आत' हा स्वतंत्र शब्द आहे, 'तो आत आहे' असं कुठलीही हालचाल नसताना म्हणता येतं. तपासायचं एवढंच की हा शब्द एकटा रीतीच्या क्रियापदाला उंबरा ओलांडून देतो का. 'तो आत लंगडला' म्हणून बघा. कानाला आत कुठंतरी लंगडण्याचा प्रसंग दिसतो, गेटातून आत येण्याचा नाही. इंग्रजीतलं 'लिम्प्ड इन' मात्र एका दमात माणूस आत आणतं. फरक इथं आहे.

'-त' प्रत्ययाचंही तेच. 'खोलीत' म्हणजे खोलीच्या आत असणं, आणि 'खोलीत' म्हणजे खोलीच्या आत पोचणंही. कोणता अर्थ घ्यायचा हे प्रत्यय ठरवत नाही, क्रियापद ठरवतं. 'खोलीत गेला' म्हटलं की पोचणं, 'खोलीत नाचला' म्हटलं की असणं. जर्मन भाषा हाच फरक विभक्ती बदलून दाखवते, म्हणून तिथलं नाचण्याचं क्रियापद खुशाल दाराआत जाऊ शकतं.

धावणे, पळणे, चालणे यांच्यावरून निकाल देऊ नका

नवखा माणूस पहिली उदाहरणं नेमकी हीच तीन घेतो, आणि ही तिन्ही फसवी आहेत.

'दूध उतू जायला लागलं तशी आई स्वयंपाकघरात धावली.' अगदी सरळ मराठी वाक्य, आणि आई पोचलेली आहे. मग उंबरठ्याचा नियम मोडला? 'पाऊस आला तसे सगळे घरात पळाले.' पुन्हा मोडला? जरा थांबा. पहिल्या वाक्यात आई पायांनी कशी हलली याला महत्त्व नाही, तिनं घाईनं तिकडे धाव घेतली याला आहे. दुसऱ्या वाक्यातलं 'पळाले' म्हणजे निसटले, आसरा गाठला. पळणे या क्रियापदात सोडून जाण्याचा अर्थ मुरलेला आहे, म्हणजे मार्ग आधीच आत बसलाय. तपासायचं असेल तर अर्थाचा तो भाग काढून टाका. रोज सकाळी हौसेनं धावणारा गृहस्थ कल्पा आणि म्हणा, 'तो धावायच्या कपड्यांत, एका लयीत, बागेत धावला.' आता तो बागेतल्या रस्त्यावर फेऱ्या मारतोय. बाहेरून आत आला हे सांगायला 'धावत बागेत आला' म्हणावं लागतं.

चालणे तर आणखी बिलंदर. 'कुठं चाललास?' या प्रश्नात पाय नाहीतच. 'मी रेल्वेनं मुंबईला चाललोय' असं आपण बसल्या जागेवरून म्हणतो. या रूपात चालणे म्हणजे निघणे, जायच्या बेतात असणे. त्यामुळे 'ती स्वयंपाकघरात चालली' हे वाक्य वहीत आलं तर ते रीतीच्या रकान्यात टाकू नका. ते मार्गाचं क्रियापद आहे, रीतीचा मुखवटा घातलेलं.

म्हणून कसोटीला रांगणे, लंगडणे, सरपटणे, पोहणे, नाचणे अशी क्रियापदं घ्या, ज्यांना दुसरा धंदा नाही. ती उंबऱ्यापाशी थांबतात आणि गेलं-आलं-शिरलं यांच्या हातात सामान देतात.

एक खरा अपवाद आहे, आणि तो मराठीचा एकटीचा नाही. 'त्यानं विहिरीत उडी मारली.' हद्द ओलांडली गेली, आणि मार्गाचं वेगळं क्रियापद लागलं नाही. स्लोबिन यांच्या निरीक्षणाप्रमाणे क्रियापद-चौकटीच्या भाषांमध्ये अचानक, एका झटक्यात संपणाऱ्या हालचालींना ही सूट मिळते. उडीत ओलांडणं हीच कृती आहे, रांगण्यासारखं ते लांबत नाही. उड्यांच्या दोन क्लिपा काढायला सांगितल्या त्या यासाठी. 'पाण्यात उडी मारली' आणि 'पाण्यात पोहला' ही वाक्यं शेजारी ठेवा: एकात माणूस काठावरून पाण्यात गेला, दुसऱ्यात तो पाण्यातच होता.

कागदी होडीची क्लिप, ओळीनं

टाल्मीचं गाजलेलं उदाहरण बाटलीचं आहे: «द बॉटल फ्लोटेड इन्टू द केव्ह», आणि स्पॅनिशमध्ये त्याचं 'बाटली तरंगत गुहेत शिरली' अशा घाटाचं वाक्य. आपल्याकडं गुहेऐवजी पाइप. लोक काय म्हणतात ते पाहू.

'होडी पाइपात शिरली.' सोपं. मार्ग क्रियापदात, रीत गायब. रीत गाळणं म्हणजे बोलणाऱ्याचा आळस नव्हे. पाण्यात सोडलेली होडी वाहतच जाणार, ते काय सांगायचं? क्रियापद-चौकटीच्या भाषेत रीत सांगायला वेगळा शब्द खर्चावा लागतो, म्हणून विशेष असेल तरच खर्चतात. इंग्रजीत क्रियापदाची जागा भरायचीच असते, तिथं रीत फुकटात येते.

'होडी वाहत वाहत पाइपात गेली.' हेही सोपं. पण लक्षात घ्या, 'तरंगत' कुणी म्हणत नाही. इंग्रजी 'फ्लोट'मध्ये पाण्यावर राहणं आणि पाण्याबरोबर जाणं असे दोन अर्थ एकत्र आहेत. टाल्मीनं हे दोन वेगळे वापर दाखवून दिले होते. मराठीत तरंगणे म्हणजे न बुडता वर राहणं, प्रवास करायचा तर वाहणे. पुस्तकातल्या उदाहरणाचं शब्दशः भाषांतर केलेल्यांना हे कळतच नाही.

'होडी पाइपात वाहून गेली.' इथं घाम फुटतो. प्रत्यय 'गेली'वर आहे, पण 'वाहून गेली' हे जोडक्रियापद आहे ना? तसं असेल तर मुख्य अर्थ वाहण्याचा, आणि मराठी रीतीलाच मुख्य जागा देते असं होईल. '-ऊन जाणे' दोन प्रकारचं असतं. 'विसरून गेला', 'घाबरून गेला', 'सुकून गेलं' यांत कुणी कुठंही जात नाही, 'गेला' फक्त काम पुरं झाल्याचं सांगतो. 'उडून गेला', 'वाहून गेली' यांत खरं जाणंही आहे. ओळखायचं कसं? 'जाणे'च्या जागी 'येणे' घाला. 'पुरात लाकडं काठाला वाहून आली' जमतं, दिशा फिरली. 'घाबरून आला' म्हटलं तर एकतर अर्थ लागत नाही, नाहीतर तो आधी घाबरला आणि मग चालत तुमच्या घरी आला. दुसरी कसोटी: मधे शब्द घुसवा. 'वाहून थेट पाइपात गेली' चालतं, म्हणजे दोन्ही क्रियापदं अजून स्वतःच्या पायांवर उभी आहेत. मी अशा वाक्यांना वेगळा रकाना देते आणि त्यांची बेरीज दोन्हीकडून वेगळी ठेवते. जबरदस्तीनं एका पेटीत कोंबलं की आकडे छान दिसतात, खरे राहत नाहीत.

'-त' आणि '-ऊन' यांतला फरक कानानं पकडायला शिका, तो इथं फार कामाचा आहे. 'पळत गेला' म्हणजे पायांच्या त्या चालीनं गेला. 'पळून गेला' म्हणजे पोलीस मागे आहेत, नाहीतर लग्न ठरलंय.

'ती होडी ना, सुळकन आत!' हे वाक्य एका चौथीतल्या मुलानं दिलं. क्रियापदच नाही. तरीही मार्ग आहे, रीत आहे, वेगही आहे. यासाठी पुढचा भाग.

तुरुतुरु, सरसर, सुळकन

क्रियापद-चौकटीच्या भाषा रीतीबद्दल कंजूष असतात, असं वाचायला मिळतं. स्लोबिन यांनी मर्सर मेयर यांचं 1969 चं बेडकाचं शब्दहीन चित्रपुस्तक वेगवेगळ्या भाषांतल्या मुलांना आणि मोठ्यांना दाखवून गोष्टी सांगून घेतल्या. त्यातल्या एका चित्रात झाडाच्या ढोलीतून घुबड बाहेर येतं. स्पॅनिश आणि फ्रेंच सांगणारे बहुतेक 'बाहेर आलं' एवढ्यावर थांबले, रशियन सांगणाऱ्यांनी आणि इंग्रजी सांगणाऱ्यांतल्या काहींनी उडण्याची, टपकन बाहेर येण्याची क्रियापदं वापरली.

मराठीत क्रियापदं मोजली तर तीही अशीच कंजूष दिसेल. पण मराठीनं रीतीची तिजोरी क्रियापदाबाहेर ठेवली आहे. बाळ दुडुदुडु आलं, खार सरसर झाडावर चढली, उंदीर सुळकन बिळात शिरला, आजोबा तरातरा निघून गेले, पाखरू भुर्रकन उडालं. क्रियापदं साधी, बहुतेक मार्गाची. रीत त्या नादाच्या शब्दात. बास्क भाषेतही असंच दिसतं, तिथंही क्रियापद-चौकट आणि नादशब्दांची रेलचेल एकत्र नांदतात. म्हणून वहीत रीतीचे रकाने दोन करा: '-त'वालं क्रियापदाचं रूप, आणि नादशब्द. पहिल्याच रकान्यावर निकाल दिलात तर मुलांची आणि आज्यांची वाक्यं कोरडी वाटतील, आणि खरं तर तीच सगळ्यात ओली असतात.

या शब्दांत मला एक भेद दिसतो. '-कन'चे शब्द, सुळकन, टुणकन, पटकन, एका क्षणाचे असतात, त्यामुळे ते उंबरठ्यावर बरोब्बर बसतात. दुहेरी शब्द, तुरुतुरु, सरसर, दुडुदुडु, वाटभर पसरतात. 'उंदीर सुळकन बिळात शिरला' छान, 'उंदीर सुळकन अंगणभर हिंडला' कानाला खटकतं. 'तुरुतुरु अंगणभर हिंडला' म्हणा, लगेच जमतं. तुमच्या वहीतल्या जोडक्लिपांवर हे ताडून बघा, हद्दीच्या क्लिपांत '-कन' जास्त येतात का ते. माझा कान म्हणतो येतात, पण एका कानावर भरवसा ठेवू नये.

मोजताना

एका माणसाच्या एका वाक्यावरून भाषेचा प्रकार ठरवायचा नाही. जोडीतल्या दोन क्लिपा घ्या आणि बघा: हद्द नसलेल्या क्लिपेत किती जणांनी रीतीचं क्रियापद मुख्य केलं, आणि हद्दीच्या क्लिपेत किती जणांनी. मराठीत पहिल्यात ते सर्रास येतं, 'रस्त्यानं लंगडत होता' यात काहीच अडचण नाही. दुसऱ्यात ते गळून 'आला, गेला, शिरला' येतात. या दोन आकड्यांतलं अंतर हे तुमचं उत्तर आहे. नुसता एक आकडा घेऊन 'मराठीत रीतीची क्रियापदं कमी' असं लिहू नका.

लांब वाटेची एक क्लिपही ठेवा, कारण तिथं दुसरा फरक उघडा पडतो. कुत्रा खोलीतून बाहेर, जिन्यानं खाली, अंगणापलीकडे. इंग्रजी एका 'रॅन'ला तीन तुकडे लावून मोकळं होतं, «रॅन आउट ऑफ द रूम, डाउन द स्टेअर्स, अक्रॉस द यार्ड». मराठीत प्रत्येक टप्प्याला क्रियापद लागतं: 'खोलीतून निघून, जिना उतरून, अंगण ओलांडून पलीकडे गेला.' हे '-ऊन'चे मणी मोजा. बरेच जण मधला मणी गाळतात, 'खाली गेला आणि पळाला बाहेर' म्हणतात, आणि ऐकणारा जिना मनात भरून घेतो.

'भाषेचा प्रकार' हा शब्दही जपून वापरा. इंग्रजीत 'एन्टर', 'डिसेंड' ही लॅटिन वळणाची मार्गाची क्रियापदं आहेतच, फक्त घरात कुणी बोलत नाही. जॉन बीव्हर्स, बेथ लेव्हिन आणि शियाओ वेई थाम यांनी 2010 मध्ये मांडलं की भाषा या डब्यांत बसवण्यापेक्षा तिच्याकडं कोणती साधनं आहेत ते बघावं. मला ते पटतं. आपल्याच घराण्यात बघा ना. संस्कृतात 'निर्गच्छति', 'आगच्छति' अशी उपसर्ग लावून मार्ग सांगायची सोय होती, धातू तोच, उपसर्ग वेगळा. मराठीत तो उपसर्ग क्रियापदाच्या पोटात जिरला. 'उठणे'मधला 'उत्' आता कुणाला वेगळा ऐकू येत नाही. लॅटिनचं फ्रेंच-स्पॅनिश होताना साधारण हेच झालं.

पुण्यातली शेवटची अडचण

तुमच्या वहीत कधी ना कधी असं वाक्य येईल: 'बाळ किचनमध्ये क्रॉल करत आलं.' किंवा, 'मी सकाळी जॉग करत टेकडीवर गेलो.' डेक्कनच्या कट्ट्यावर बसून कान उघडे ठेवा, तासाभरात चार मिळतील. हे वाक्य टाकून देऊ नका, आणि 'इंग्रजीचा परिणाम' असा शेरा मारून इंग्रजीच्या खात्यातही घालू नका. शब्द इंग्रजी आहे, पण तो कुठं बसलाय ते बघा. 'करत' लावून बाजूला, 'रांगत' जिथं बसलं असतं तिथंच. प्रत्यय 'आलं'वर, 'गेलो'वर.

मग त्याच मुलाला विचारा, 'बाळानं किचनमध्ये क्रॉल केलं' म्हटलं तर बाळ सुरुवातीला कुठं होतं? माझ्या शेजारच्या इंजिनिअर मुलानं, जो दिवसभर ऑफिसात इंग्रजी बोलतो, क्षणभरही विचार न करता उत्तर दिलं, 'किचनमध्येच ना.'